खोल समुद्राची तक्रार

दोघी जावा पुढच्या खोलीत पार्सलं बांधत बसल्या होत्या. थोरली चिकटपट्टी दातांनी तोडायची आणि धाकटी कात्रीने. या एका गोष्टीवरून त्यांचं इतक्या वर्षांत एकदाही एकमत झालं नव्हतं. बाकी धंदा मात्र दोघींनी एकमताने चालवला होता. कापड रंगवायची पूड कारखान्यातून पोत्यांनी यायची. ती मागच्या खोलीत तोलून छोट्या डब्यांत भरायची, डबे पुढच्या खोलीत खोक्यांत घालायचे आणि इंटरनेटवरच्या आपल्या दुकानातून विकायचे. फोटो, चित्रं आणि कॉम्प्युटर हे धाकटीचं खातं. तक्रारी हे थोरलीचं.

थोरलीकडे हे खातं असण्याला कारण होतं. दुकान उघडल्यापासून ती एकही तक्रार हरली नव्हती. कुणी म्हणायचं, रंग चढलाच नाही, की थोरली गोड आवाजात विचारायची, "कापड नायलॉनचं नाही ना?" ते हमखास नायलॉनचं निघायचं. कुणी म्हणायचं, डाग पडले, की ती विचारायची, "आधी नव्या कापडाची खळ धुऊन काढली होती ना?" पलीकडचं माणूस लगेच आभार मानून फोन ठेवायचं. दुकानाच्या पानावर तिने स्वतः एक ओळ लिहिली होती: 'डब्यावर दिसतं तेच कापडावर.' त्या ओळीवर तिचा पोटच्या लेकरासारखा जीव होता.

"ताई, तुमच्यासाठी आलंय एक," कॉम्प्युटरकडे बघत धाकटी म्हणाली. "आणि हे जरा वेगळंच आहे."

"वेगळं म्हणजे? नायलॉन नाही, रेशीम?"

"वाचूनच दाखवते." धाकटीने खुर्ची पुढे ओढली आणि शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'दुकानवाल्या ताई किंवा दादा, आम्ही तिसरीचा वर्ग आहोत. आमच्या नाटकात शेवटी राक्षस समुद्रात बुडतो. म्हणून आम्ही तुमच्याकडून खोल समुद्र नावाचा रंग मागवला आणि मोठा पडदा रंगवला. पण आमचा समुद्र खोल झाला नाही. त्यात राक्षसाचा घोटासुद्धा बुडणार नाही. एक जण म्हणतो, समुद्राला ताप आलाय. एक जण म्हणते, हा समुद्र नाही, समुद्राचा जुना बनियन आहे. डब्यावरचं चित्र आणि आमचा पडदा यांच्यात एवढंच सारखं आहे की दोन्ही निळे आहेत, आणि हेसुद्धा आमच्यातल्या दोघांना मान्य नाही. शनिवारी नाटक आहे. राक्षस रोज विचारतो की मी कशात बुडू. कृपया उत्तर द्या. ता. क. बाईंनी फक्त शुद्धलेखन तपासलं आहे.'"

धाकटी हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेताला आली. थोरलीने मात्र चिकटपट्टी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि फोन उचलला. पैलवान आखाड्यात उतरायच्या आधी दंडाला माती लावतो ना, तशी तिची ही तयारी असायची.

फोन वर्गाच्या बाईंनी घेतला. आवाजावरून बाई शांत स्वभावाच्या वाटल्या. रोज तीस-चाळीस जणांचं एकाच वेळी ऐकायची सवय असलेल्या माणसाचा असतो, तसा आवाज.

"मी दुकानातून बोलतेय," थोरली म्हणाली. "मुलांचं पत्र वाचलं. फार छान लिहिलंय. फक्त दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या."

"विचारा की. मुलं इथेच आहेत, मी आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवते. त्यांनीच रंगवलंय, उत्तरं तेच देतील."

थोरलीला हे थोडं अनपेक्षित होतं. तक्रारीत एकाशी गाठ पडणं वेगळं आणि अख्ख्या वर्गाशी वेगळं.

"बरं, बाळांनो, कापड कशाचं होतं?"

"सुती," एका सुरात उत्तर आलं.

"शुद्ध सुती? भेसळ नाही?"

"बाईंनी एक दोरा जाळून दाखवला," एक बारीक आवाज म्हणाला. "त्याचा कागदासारखा वास आला. प्लास्टिकसारखा वितळला नाही."

थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटीने भुवया उंचावल्या.

"अगदी बरोबर. मग खळ काढली का?"

"गरम पाण्यात साबणाने दोनदा धुतलं."

"पूड किती घेतली? कापडाच्या वजनाप्रमाणे घ्यायची असते बरं."

"कापड वाळल्यावर तोललं," हा आवाज जरा जाडसर होता. "मग गणिताच्या तासाला हिशोब केला की किती डबे लागतील. तीनदा केला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला."

"मीठ?"

"घातलं."

"सोडा?"

"मीठ घातल्यावर मग घातला. एकदम नाही. थोडा थोडा."

"हलवत होता का सारखं?"

"झाडूच्या नव्या दांड्याने. पाळीपाळीने. दांडा निळा झाला, तो छान झालाय."

थोरलीचे प्रश्न संपले. असं कधी होत नसे. तिने एक शेवटचा मार्ग धरला. "मला एक फोटो पाठवा. दिव्याखाली नको, दिवसाच्या उजेडात. आणि पडद्याशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. कागद पांढरा दिसला तर फोटोतला रंग खरा. कागद पिवळट दिसला तर फोटोच खोटं बोलतोय असं समजायचं."

"अरे वा, हे आम्हाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या आणि मागे वर्गात ते कुणीतरी मोठ्याने पाठ करू लागलं.

थोड्याच वेळात फोटो आला. कागद कापसासारखा पांढरा होता. पडदा खरंच फिकट होता. समुद्राच्या जुन्या बनियनची उपमा ज्या मुलीने दिली, तिच्या नजरेला दाद द्यावीशी वाटेल इतका.

"बघा," धाकटी मिस्कील आवाजात म्हणाली, "बनियन म्हणजे बनियनच दिसतोय हो ताई."

"त्यांचं काहीतरी चुकलंय. मुलं आहेत. तू पार्सलं घेऊन कुरिअरच्या ऑफिसात जा, मी करून बघते."

धाकटी पार्सलं घेऊन गेली आणि थोरलीने पदर खोचला. खोल समुद्राचा डबा फोडला, पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा तोलला, बादलीत कोमट पाणी घेतलं. पूड, मग मीठ, मग थोडा थोडा सोडा. सगळं डब्यावर लिहिल्यासारखं. डब्यावरचं लिहिणारी तीच होती, त्यामुळे प्रश्न नव्हता. तासभर ती लाकडी पट्टीने हलवत राहिली. मग कापड पाण्याखाली धरलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, पिळलं आणि झटकून उजेडात धरलं.

खोल समुद्र. डब्यावर होता तसाच. अगदी तस्साच. तिने कापड डब्याशेजारी धरलं आणि लहान मुलीसारखी एकटीच हसली. लगेच पांढरा कागद शेजारी ठेवला, फोटो काढला आणि बाईंना पाठवून दिला. खाली लिहिलं: 'आमच्याकडे त्याच डब्यातल्या पुडीने हा रंग आला. कृतीत कुठे चूक झाली ते मुलांनी पुन्हा तपासून पाहावं, म्हणजे त्यांनाही शिकायला मिळेल.'

शेवटचं वाक्य आपल्याला किती सुंदर सुचलं, असं तिला वाटलं. कापड तिने गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलं आणि चहा टाकला.

तासाभराने धाकटी आली ती उन्हाने लाल होऊन. चपला काढता काढता तिने गॅलरीकडे बघितलं.

"समुद्राचं काय झालं मग?"

"काय व्हायचंय? डब्यासारखाच आला. पाठवलाही फोटो त्यांना."

"मग हे काय वाळत घातलंय?" धाकटीने दोरीकडे बोट केलं. "पहाटेचं आभाळ कशाला रंगवलंत?"

पहाटेचं आभाळ हा त्यांच्याच दुकानातला सगळ्यात फिकट निळा. बाळांच्या दुपट्यांसाठी घेतात तो.

थोरली दुसऱ्या चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत आली. दोरीवर कापड पूर्ण वाळलं होतं आणि वाऱ्याने हलत होतं. तिने ते उतरवलं. उलटं केलं, सुलटं केलं. मग आतून पाण्याचा पेला आणला, त्यात बोट बुडवलं आणि कापडाच्या कोपऱ्यावर ठेवलं. बोटाखालचा ठिपका खोल, गडद, डब्यावरच्या चित्रासारखा झाला. बोटाभोवतीचं कापड मात्र तापाने फणफणलेल्या समुद्रासारखंच राहिलं.

तिने कापड गॅलरीच्या कठड्यावर पसरलं.

"ओलं कापड गडद दिसतं," थोरली म्हणाली. "हे मला माहीत नाही का? दुधाचे दात पडायच्या आधीपासून माहीत आहे. भिजलेला सदरा, भिजलेली जमीन, सगळं गडद दिसतं. आणि मी बादलीतून काढलं ते काढलं, नि डब्याशी लावून मिरवत बसले."

"पण डब्यावरचं चित्र वाळलेल्याचं आहे ना?" धाकटी म्हणाली आणि म्हणता म्हणताच थांबली.

दोघी एकदमच कॉम्प्युटरकडे गेल्या. डब्यावर छापलेलं चित्र म्हणजे मूळ फोटोचा कापलेला तुकडा. धाकटीने मूळ फोटो उघडला. अख्ख्या फोटोत कापड धरलेले दोन हात होते, मागे गच्चीचा कठडा होता आणि खाली फरशी. फरशीवर कापडाच्या बरोबर खाली काळे ठिपके दिसत होते. पाण्याचे. एक थेंब तर कापडाच्या टोकाला लोंबकळत होता, आता पडेल की मग पडेल असा.

"अगं बाई," धाकटी म्हणाली. "हा शेवटचा होता. ऊन जात होतं."

"तर काय. वाळवायला काय झालं होतं तुला?"

"मी तेच म्हणत होते, ताई. 'वाळू तरी द्या' असं मीच म्हणाले होते. कुणीतरी म्हणालं, 'ऊन जातंय, काढ पटकन, कापड ते कापड.'" धाकटीने फोटो मोठा केला. "आता हे हात कुणाचे आहेत तेवढं सांगा. डाव्या मनगटाला दोन बांगड्या, उजव्याला घड्याळ."

थोरलीने नकळत डावा हात पाठीमागे नेला.

"बाकीचे फोटो?" तिने विचारलं.

धाकटीने सगळे एकामागून एक उघडले. बाकी सगळ्या फोटोंत फरशी कोरडी होती. एकटा समुद्रच ओला होता.

"म्हणजे समुद्र ओला असणं काही चूक नाही, ताई," धाकटी म्हणाली. "समुद्राने ओलंच असावं."

थोरली हसली नाही. हसली असती, पण तेवढ्यात फोन वाजला.

बाईंचा निरोप होता: 'आपण पाठवलेला फोटो पाहिला. मुलांनी पुन्हा तपासलं. त्यांचं असं ठरलं आहे की चूक मिठाची असावी. ज्या मुलीने मीठ मोजलं होतं, तिला वर्गात सगळे खारट म्हणू लागले आहेत. मी समजावते आहे, पण ती म्हणते, मी नाटकात लाट होणार नाही. आपण तसदी घेतलीत, आभारी आहे.'

थोरलीने निरोप दोनदा वाचला. मग फोन धाकटीच्या हातात दिला. तिनेही वाचला.

एक खरं आहे. गप्प बसायला थोरलीला कुणी अडवलं नसतं. तक्रार मिटली होती, तीही चांगल्या शब्दांत. थोरलीचा न हरण्याचा विक्रम शाबूत होता. फक्त कुठल्याशा शाळेत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मीठ बरोबर मोजूनसुद्धा कोपऱ्यात बसली होती.

"व्हिडिओवर लाव," थोरली म्हणाली. "आणि पाण्याचा पेला आण. मोठा."

"ताई, फोनवर सांगितलं तरी चालेल की."

"त्या मुलीला बाकीच्यांनी फोटो बघून खारट केलंय. मग बाकीच्यांना दिसायलाच हवं."

बाईंनी फोन उभा करून टेबलावर ठेवला. फोनच्या पडद्यावर डोकी आली, मग आणखी डोकी आली, आणि एक मोठा पुठ्ठ्याचा मुकुट आला. तो राक्षस असावा.

"मीठ कुणी मोजलं होतं?" थोरलीने विचारलं.

कुणीतरी मागे ढकलाढकली केली आणि दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. तिने कॅमेऱ्याकडे बघितलं नाही.

"तू पुढे बैस, अगदी पुढे. तुलाच नीट दिसायला हवं. हे कापड बघ. तुमच्या पडद्यासारखंच आहे की नाही?"

"हो," मुलगी म्हणाली. "तसाच बनियन."

"तूच का ती बनियनवाली?"

"ती दुसरी. मी नुसतं मीठ."

"बरं. आता बघ." थोरलीने कापडाचा अर्धा भाग पेल्यात बुडवला, वर काढला आणि कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. अर्धं कापड तापातलं, अर्धं कापड खोल समुद्र. मधोमध सरळ रेष.

वर्गातून एक मोठा 'ओ' उमटला.

"डब्यावरचं चित्र हे आहे." तिने ओल्या बाजूवर टिचकी मारली. "ओल्या कापडाचं. आणि सकाळी तुम्हाला मी पाठवलेला फोटोसुद्धा ओल्या कापडाचाच. मी वाळेपर्यंत थांबले नाही. तुमचा हिशोब बरोबर, खळ बरोबर, सोडा बरोबर आणि मीठ तर फारच बरोबर. चूक माझी."

"मग तुम्ही आम्हाला तपासायला का सांगितलं?" जाडसर आवाजाने विचारलं.

"कारण मी खूप वर्षं हरले नव्हते. त्याची सवय लागते."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. धाकटी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून खांदे हलवत होती.

"म्हणजे तुम्ही खारट," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी खारट," थोरलीने मान्य केलं. "आता हिच्यावरचं नाव काढून माझ्यावर लावा."

दोन वेण्यांच्या मुलीने पहिल्यांदा वर बघितलं.

"पण मी कशात बुडणार?" राक्षसाने विचारलं. त्याचा आवाज राक्षसाला शोभण्यासारखा नव्हता.

"पडदा ओला करून लावू या," एका मुलाने सुचवलं. "नाटक होईपर्यंत ओलाच ठेवू."

"आणि लाटा घसरून पडल्या तर?" बाईंनी विचारलं. त्यावर लाटांमध्येच वाद सुरू झाला. काही लाटांना पडायला आवडणार होतं.

थोरलीने त्यांना थांबवलं. "ऐका. रंग फिकट पडतो तो पूड कमी पडली की. चित्राएवढा खोल समुद्र हवा असेल तर कापडाच्या वजनाला लिहिली आहे त्याच्या दुप्पट पूड लागते, हे मी डब्यावर लिहायला हवं होतं. पण तुमचा पडदा वाया गेलेला नाही. रंगावर पुन्हा रंग चढतो. तोच पडदा पुन्हा तसाच रंगवायचा. डबे मी आज पाठवते, उद्या पोचतील. त्याचं तुम्ही काही द्यायचं नाही. आणि या वेळी मीठ कोण मोजणार?"

वर्गाने एका सुरात जे नाव घेतलं ते खरं नाव नव्हतं. आता ते कौतुकाने घेतलं होतं, एवढाच फरक.

"माझी एकच अट," थोरली म्हणाली. "पडदा मोठ्या टबात घाला, कोंबू नका. रंगाला कापडाच्या घडीत शिरायला जागा लागते. आणि सारखं हलवत राहा."

फोन ठेवल्यावर ती लगेच कॉम्प्युटरशी बसली. खोल समुद्र दुकानाच्या पानावरून काढला आणि त्या जागी लिहिलं, नवीन फोटो वाळत आहे. मग तिने 'डब्यावर दिसतं तेच कापडावर' या ओळीकडे बघितलं.

"काढू का?" धाकटीने विचारलं.

"राहू दे. फक्त पुढे जोड, 'वाळल्यावर'."

"आणि डब्यावर जे छापून झालंय त्याचं?"

"त्यावर कागद चिकटवायचा. सगळ्यांवर. आपण दोघींनी."

"म्हणजे चिकटपट्टी लागेल," धाकटी म्हणाली. "कात्रीने तोडायची बरं का."

डबे त्याच संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून फोटो आला. पडदा खिडकीत धरलेला, गडद, खोल, बघत राहावा असा. धाकटी म्हणाली, "घ्या, आला तुमचा समुद्र."

थोरलीने फोटो जवळ नेऊन बघितला. पडद्याच्या खालच्या टोकाकडे बघितलं. मग बाईंना लिहिलं: 'सुंदर आहे. पण ओला आहे. वाळल्यावर पाठवा.'

उत्तर आलं: 'ओलाच पाठवायचा असं मुलांनी ठरवलं होतं, तुम्ही ओळखता की नाही ते बघायचं म्हणून.'

मग उरलेला दिवस दोघी पार्सलं बांधत राहिल्या. थोरलीचं लक्ष फोनकडे होतं हे धाकटीला दिसत होतं आणि धाकटीला दिसतंय हे थोरलीला कळत होतं, म्हणून ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती. फोन दोनदा वाजला. एकदा नायलॉन निघालं आणि एकदा खळ. थोरलीने दोघांनाही नेहमीसारखंच गोड आवाजात विचारलं, पण विचारायच्या आधी त्या त्या रंगाचा आपला फोटो मात्र नीट बघितला.

उन्हं उतरता उतरता शाळेतून फोटो आला. पडदा दोरीवर होता, पूर्ण कोरडा, वाऱ्याने फुगलेला. शेजारी दोन वेण्यांची मुलगी पांढरा कागद धरून उभी होती आणि कागद कापसासारखा पांढरा होता. समुद्र खोल होता. ओल्या चित्रापेक्षा किंचित कमी, पण राक्षस आरामात बुडेल इतका. एका बाजूला मात्र ताटाएवढा फिकट डाग राहिला होता.

खाली वर्गाने लिहिलं होतं: 'दुकानवाल्या खारट ताई, समुद्र झाला. डाग आमच्या चुकीचा आहे, तिथे घडी पडली होती आणि हलवायची पाळी ज्याची होती तो खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला आम्ही काही म्हटलं नाही. डागावर आम्ही जहाज काढणार आहोत.'

थोरलीने ते धाकटीला वाचून दाखवलं. 'खारट' हा शब्द तिने थोडा मोठ्यानेच वाचला.